‘व्हर्जन हिस्टरी आहे ना’ एवढ्यावर ग्रुपचा डेक टिकत नाही

“ड्राइव्हवर एकच फाइल ठेवा, सगळ्यांना एडिटचा अ‍ॅक्सेस द्या आणि निवांत राहा. व्हर्जन हिस्टरी असतेच, काही बिघडलं तर एका क्लिकमध्ये मागे जाता येतं. फाइलला नंबर देणं, कॉप्या ठेवणं, नियम करणं हा जुना जमाना झाला.”

ग्रुपने मिळून डेक, म्हणजे सादरीकरणाच्या स्लाइडचा संच, करायचा असला की हा सल्ला ऐकू येतो. यातला पहिला भाग बरोबर आहे आणि तो मी मनापासून मान्य करतो. मेलवरून फिरणाऱ्या पाच फाइलींपेक्षा ऑनलाइन असलेली एकच फाइल केव्हाही चांगली. पुढच्या भागाशी मात्र मी सहमत नाही, कारण त्याची किंमत आमच्या ग्रुपने सादरीकरणाच्या आदल्या रात्री मोजली आहे.

मागे जाण्याबद्दल

आम्ही पाच जण होतो, डेक २६ स्लाइडचा. गूगल स्लाइड्समध्ये काम चालू होतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला एकाने आपल्या जुन्या डेकमधून चार स्लाइड आणल्या आणि मुख्य आलेखाची स्लाइड ‘ही दोनदा आलीय’ असं समजून काढून टाकली. ती दोनदा आलेली नव्हती. आलेख दिसायला सारखे होते, आकडे वेगळ्या वर्षांचे होते. हे लक्षात आलं पावणेदहाला. मधल्या पावणेतीन तासांत बाकीच्या चौघांनी आपापल्या स्लाइडवर भरपूर काम केलं होतं.

घाबरून एकीने हिस्टरी उघडली, सातच्या आधीची आवृत्ती निवडली आणि `Restore this version` दाबलं. हरवलेली स्लाइड परत आली, पण चौघांचं पावणेतीन तासांचं काम समोरून गेलं. रिस्टोअर होतो तो अख्खा डेक. एकच स्लाइड मागे नेण्याची सोय त्या बटणात नाही. मग आपलं काम उडालं असं समजून दोघांनी तिथेच पुन्हा टाइप करायला सुरुवात केली आणि गुंता दुप्पट झाला. खरं तर तेव्हाही काही हरवलं नव्हतं. रिस्टोअर केल्यावर आधीची स्थिती हिस्टरीतून पुसली जात नाही, ती यादीत खाली राहते. सगळ्यांनी हात थांबवून रिस्टोअरच्या आधीच्या आवृत्तीवर परत जायला हवं होतं.

अशा वेळी रिस्टोअरला हात न लावता करायचं ते असं. `File > Version history > See version history` उघडायचं. हवी ती आवृत्ती सापडली की तिच्या शेजारच्या तीन ठिपक्यांवर जाऊन `Make a copy` करायचं. ती वेगळी फाइल म्हणून उघडते. त्यातून हरवलेली स्लाइड कॉपी करून चालू डेकमध्ये पेस्ट करायची. पेस्ट करताना मूळ फाइलशी जोडणी ठेवायची का असं विचारलं, तर नको म्हणायचं, आणि थीम आपल्या डेकचीच लागेल असा पर्याय निवडायचा. मग ती कॉपी कचऱ्यात टाकायची. दहा मिनिटांत काम होतं आणि कुणाचंही काही जात नाही. पॉवरपॉइंटमध्ये ऑनलाइन ठेवलेल्या फाइलसाठीही हेच. जुनी आवृत्ती उघडून पाहायची, तिथून स्लाइड उचलायची आणि रिस्टोअरचं बटण सोडून द्यायचं.

आता ‘हवी ती आवृत्ती सापडली की’ हे मी सहज लिहून गेलो, पण अडचण तिथेच आहे. हिस्टरीच्या यादीत तारखा, वेळा आणि माणसांची नावं असतात. ‘आलेख काढण्याआधी’ असं तिथे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. एका संध्याकाळच्या नोंदींमधून योग्य क्षण शोधायला आम्हाला अर्धा तास लागला होता. शिवाय गूगल जागा वाचवण्यासाठी जुन्या नोंदी अधूनमधून एकत्र करतं, त्यामुळे महिन्यापूर्वीचा नेमका क्षण तसाच मिळेल याची खात्री धरू नये. म्हणून डेकमध्ये मोठा बदल करण्याआधी `Name current version` ने त्या क्षणाला नाव द्यावं. ‘थीम बदलण्याआधी’, ‘गाइडना दाखवलं’, ‘क्रम बदलण्याआधी’ अशी कारण सांगणारी नावं हवीत. नुसतं ‘नवीन’ लिहिलं तर दोन दिवसांनी कुणालाच काही कळत नाही.

नावं आणि नंबरांबद्दल

एकच फाइल असेल तर नंबर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की फाइल एकच राहत नाही. गाइडना पीडीएफ पाठवावी लागते. सादरीकरणाच्या खोलीत नेट नसेल या भीतीने कुणीतरी पीपीटीएक्स उतरवून घेतं. कुणी सराव म्हणून आपली कॉपी करतं. आणि ड्राइव्हच्या एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली बिनबोभाट राहू शकतात, त्यामुळे खरी कोणती हे नावावरून ओळखू येणार नाही.

आम्ही नंतर ठरवलेली पद्धत छोटी आहे. चालू फाइलच्या नावात नंबर नाही आणि तारीखही नाही. ते नाव शेवटपर्यंत बदलत नाही. जे डेकबाहेर जातं, म्हणजे कुणाला दाखवलं, पाठवलं किंवा उतरवलं, त्यालाच नंबर मिळतो:

```
jal_deck_LIVE
jal_deck_v01_2025-01-20.pdf
jal_deck_v02_2025-02-03.pdf
jal_deck_v03_2025-02-11.pptx
```

`v1` ऐवजी `v01` लिहायचं, कारण नावं निव्वळ अक्षरांच्या क्रमाने लागली तर `v10` हे `v2` च्या आधी येतं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी ठेवली की नावाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. तारखेत तिरकी रेघ चालत नाही, विंडोजमध्ये फाइलच्या नावात ते चिन्ह घेतलंच जात नाही. ‘final’ हा शब्द आम्ही नावातून पूर्णपणे काढून टाकला. ‘फायनल’ नंतर दुरुस्ती निघाली की पुढच्या नावाला काय म्हणायचं यावर ग्रुपमध्ये अडायला होतं. नंबराला तशी अडचण नाही, `v04` नंतर `v05` येतो.

नंबर दिलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये जातात आणि त्या पुन्हा कुणी उघडून बदलत नाही. चालू डेकच्या हिस्टरीतही त्याच क्षणाला तोच नंबर नाव म्हणून द्यायचा. गाइड म्हणाले “दुसऱ्यांदा दाखवलंत त्यात आकडा वेगळा होता”, तर `v02` ची पीडीएफ उघडायची आणि हिस्टरीत `v02` शोधायचं. ही जोडणी कॉपी करून मिळत नाही, कारण `Make a copy` केलेल्या फाइलला जुनी हिस्टरी येत नाही, तिची हिस्टरी नव्याने सुरू होते.

एक नियम मात्र कडक ठेवावा लागतो. उतरवलेल्या फाइलवर घरी काम केलं, तर ती फाइल परत अपलोड करायची नाही. बदललेल्या स्लाइड तेवढ्या चालू डेकमध्ये आणायच्या. नाहीतर दुसरी लिंक तयार होते आणि निम्मा ग्रुप एकीवर, निम्मा दुसरीवर काम करत राहतो.

सगळ्यांना सगळं एडिट करू देण्याबद्दल

अ‍ॅक्सेस सगळ्यांना असू दे, पण प्रत्येक स्लाइडला एक मालक हवा. दुसऱ्याच्या स्लाइडवर चूक दिसली तर कॉमेंट टाकायची, थेट बदलायचं नाही. आमची आलेखाची स्लाइड याच नियमाने वाचली असती. काढून टाकण्याऐवजी “ही दोनदा आलीय का?” अशी कॉमेंट पडली असती आणि मालकिणीने एका ओळीत उत्तर दिलं असतं.

मालकाचं नाव कुठे लिहायचं यावर आम्ही आधी चुकलो. वेगळ्या शीटमध्ये ‘स्लाइड ७ कुणाची, स्लाइड ८ कुणाची’ असा तक्ता केला होता. मध्ये एक स्लाइड घातली आणि सगळा तक्ता एका घराने सरकला. आता ही नोंद आम्ही स्लाइडच्याच स्पीकर नोट्समध्ये पहिल्या ओळीत ठेवतो:

```
OWNER: RK | STATUS: draft
```

स्लाइड कुठेही हलवली तरी नोट्स तिच्याबरोबर जातात. काम झालं की मालकच `draft` चं `ready` करतो. सादरीकरणाआधी या ओळी काढायच्या, नाहीतर बोलताना समोर दिसतात.

याहून चोरपावलांनी येणारा बिघाड म्हणजे थीमचा. दुसऱ्या डेकमधून स्लाइड मूळ रूपासह आणली की तिच्याबरोबर तिथली थीमही येते. स्लाइड वरवर बरी दिसते, पण नंतर कुणी मुख्य थीममध्ये शीर्षकाचा फाँट बदलला की २६ पैकी २२ स्लाइड बदलतात आणि चार तशाच राहतात. मग ज्याच्या त्या स्लाइड, तो त्या हाताने जुळवत बसतो आणि डेक आणखी बिघडतो. ओळखायला सोपं आहे. पॉवरपॉइंटमध्ये `View > Slide Master` उघडा. डावीकडे एकाहून जास्त मास्टर, म्हणजे थीमचे मूळ साचे, दिसले तर बाहेरचं काहीतरी शिरलं आहे. गूगल स्लाइड्समध्ये थीमच्या पट्टीत या डेकमधल्या थीम वेगळ्या दाखवतात, तिथे एकच असायला हवी. पॉवरपॉइंटचा `Outline View` सुद्धा उपयोगी आहे. त्यात लेआउटच्या चौकटीतला मजकूरच दिसतो. एखाद्या स्लाइडची जागा तिथे रिकामी असेल, तर तिथला मजकूर सुटे टेक्स्ट बॉक्स काढून लिहिला आहे, आणि थीम बदलली की तो सरळ रांगेत येणार नाही. मास्टरला हात लावण्याचं काम एकाकडेच द्यावं. आमच्याकडे ते जिला लेआउटचा कंटाळा येत नाही तिच्याकडे आहे.

नियम म्हणजे वेळखाऊपणा, याबद्दल

दोघांचा आठ स्लाइडचा डेक असेल तर एवढं लागत नाही. एक फाइल आणि पाठवलेल्या पीडीएफवर तारीख पुरे. तिघांच्या वर माणसं आणि बाहेरून येणाऱ्या स्लाइड, या दोन गोष्टी जमल्या की मात्र लागतं.

शेवटच्या रात्रीसाठी एक वेळ आधीच ठरवावी, आमची नऊची असते. नऊ वाजता मास्टरवाली व्यक्ती शेअरच्या सेटिंगमध्ये बाकीच्यांना `Commenter` करते, त्या क्षणाला नंबर देते, पीडीएफ आणि पीपीटीएक्स दोन्ही उतरवून एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून पाहते. नऊनंतर चूक सापडली तर ती कॉमेंटमध्ये येते, तीच व्यक्ती दुरुस्त करते, आणि पुढचा नंबर देऊन दोन्ही फाइली पुन्हा उतरवते. गेल्या वेळी रात्री साडेदहाला एका आकड्यातला दशांश चुकल्याचं दिसलं. `v06` चा `v07` झाला आणि सकाळी पाचही जणांकडे `v07` च होता.