कुकरच्या पोटावरची ट्यूबलाइट

‘फोटो आहेच, त्यावरून फक्त रेघा मारायच्यात,’ असं म्हणून एका गिऱ्हाइकाने तीन लिटरच्या स्टीलच्या कुकरचा फोटो पाठवला. माहितीपत्रकात छापायला रेखाचित्र हवं होतं. नुसत्या कडा, छटा अजिबात नको. ‘फक्त’ ऐकलं की हल्ली मी दर वाढवून सांगतो. तेव्हा नवखा होतो.

स्टीलच्या कुकरच्या फोटोत अर्धा कुकर असतो आणि अर्धं फोटो काढणाऱ्याचं घर. याच्या पोटावर ट्यूबलाइटचा उभा पट्टा होता. त्याच्या दोन्ही कडा मी इमानेइतबारे काढल्या. आईने मागून डोकावून विचारलं, “याला जोड कुठे असतो रे?” आणि आमचा कुकर आणून माझ्यापुढे जागच्या जागी फिरवला. दांडा फिरला, चकाकी तिथेच. खरा जोड असता तर दांड्याबरोबर फिरला असता. फोटो काही फिरवता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकाकडून दुसऱ्या बाजूचा फोटो मागवला आणि दोन्हींत जी रेघ दांड्यापासून तेवढ्याच अंतरावर सापडली तेवढीच ठेवली. ट्यूबलाइट गेली.

मग लंबगोल. झाकणाच्या काठाचा लंबगोल उचलून तसाच तळाला चिकटवला, तर कुकर पुढे झुकून नमस्कार करू लागला. फोटो वरून काढलेला असतो. वर्तुळ नजरेच्या जितकं खाली, तितकं ते जास्त गोल दिसतं. काठ चपटा, तळ गुबगुबीत. तळाचा अख्खा लंबगोल काढून मागची अर्धी कमान पुसली, तेव्हा कुठे स्वारी ओट्यावर बसली.

एवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन: “आतलंही सगळं दिसू द्या!” लपलेल्या कडा तुटक रेघेने दाखवतात. मी सगळ्या दाखवल्या: तळाची मागची कमान, आतले डबे, दांड्यातले स्क्रू. कुकरला कोळिष्टकं लागली. शेवटी विचारलं, पत्रक कशासाठी? म्हणे, लोक रबर उलटं बसवतात. मग झाकणाच्या आतल्या रबराची तेवढी तुटक कमान ठेवली, बाहेरच्या रेघेच्या निम्म्या जाडीची, आणि शेजारी झाकण उलटं करून काढलं. तिथे रबर उघडंच दिसतं, तुटक रेघेची गरजच नाही. बाकी सगळं पुसताना पोटात कालवलं. डब्यांवर अख्खी दुपार गेली होती.

पक्कं चित्र आईला दाखवलं. तिने चष्मा लावून दांडा बघितला, काठ बघितला, रबर बघितलं.

“शिट्टी कुठाय?”

फोटो पुन्हा उघडला. खरंच नव्हती. वाफेची नळी मी छान काढली होती, आतल्या भोकासकट. गिऱ्हाइकाला फोन केला.

“अहो, फोटोच्या वेळी आमच्या नातीने ती भातुकलीत नेली होती. तुम्ही अंदाजाने काढा की, फक्त शिट्टीच तर आहे!”