नव्या जीएसटी नंबरवाल्यांसाठी: बिल कधी फाडायचं आणि कर कशावर काढायचा

फिरत असलेला सल्ला असा: «जीएसटी नंबर आला तरी मागेल त्यालाच पक्कं बिल द्या, दोनशेच्या आतल्या विक्रीला तर बिल लागतच नाही. महिनाअखेरी गल्ल्यात जमलेल्या रकमेवर १८ टक्के काढून भरलं की झालं. बिल चुकलं तर पान फाडून टाका. सर्टिफिकेट येण्याआधीची विक्री मोजायची नाही.»

दोनशे रुपयांची सवलत खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. एका गिऱ्हाइकाची एकूण खरेदी २०० रुपयांपेक्षा कमी असेल, त्याच्याकडे जीएसटी नंबर नसेल आणि त्याने बिल मागितलं नसेल, तरच वेगळं बिल न देता चालतं. १९० ची एक वस्तू आणि १५० ची दुसरी एकदम घेतली, तर ती ३४० ची विक्री झाली आणि तिला बिल हवंच. शिवाय सुटलेल्या छोट्या विक्रीचा हिशोब दुकान बंद करताना एका एकत्रित बिलात घ्यावा लागतो, त्याच दिवशी. म्हणून गल्ल्याजवळ एक चोपडी ठेवावी, छोटी विक्री होईल तशी करदराप्रमाणे लिहावी आणि रात्री बेरीज करून पुढच्या क्रमांकाचं बिल बनवावं. हा कागद नसेल तर ती विक्री बिनबिलाची ठरते. बिनबिलाच्या विक्रीला दंड १०,००० रुपये किंवा बुडवलेला कर, यांपैकी जे जास्त असेल ते.

दोनशेच्या वरच्या विक्रीत गिऱ्हाइकाने बिल मागण्याचा प्रश्नच नाही. माल दुकानातून निघताना किंवा त्याआधी बिल तयार हवं. त्यावर तुमचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर, बिल क्रमांक, तारीख, मालाचं वर्णन, नग, कराआधीची किंमत, कराचा दर आणि रक्कम, शेवटी सही. राज्यातल्या विक्रीत कर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी असा निम्मा-निम्मा दाखवायचा, परराज्यातल्या विक्रीत आयजीएसटी. घेणारा नोंदणीकृत व्यापारी असेल तर त्याचा जीएसटी नंबर आणि मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोडही टाका. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर कोडचे चार आकडे पुरतात. त्याच्या नंबरात एक अक्षर चुकलं तरी त्याला कराची वजावट दिसत नाही आणि तो तुमचे पैसे अडवतो. (कंपोझिशन योजना घेतलेल्यांनी गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचाच नसतो. ते बिल ऑफ सप्लाय देतात, त्यामुळे पुढचा हिशोब त्यांचा नाही.)

सगळ्यात जास्त नुकसान गल्ल्यावर १८ टक्के काढण्याने होतं, आणि त्यात एक नाही, तीन चुका आहेत: सगळ्या मालाला एकच दर, बिलांऐवजी आलेल्या पैशांवर कर, आणि करासकट रकमेवर सरळ टक्के. समजा दुकानात स्टीलची भांडी ५ टक्क्यांची आणि मिक्सर-पंखे १८ टक्क्यांचे आहेत, आणि सगळ्या किमती करासकट आहेत. महिन्याला गल्ल्यात ३,१०,००० रुपये आले. त्यात मिक्सर-पंख्यांच्या रोख विक्रीचे १,७७,०००, भांड्यांचे ६३,०००, मागच्या महिन्याच्या उधारीची वसुली ४०,००० आणि पुढे द्यायच्या मालाची आगाऊ रक्कम ३०,०००. याशिवाय ५९,००० चे पंखे उधारीवर गेले, त्याचा एक रुपयाही अजून आलेला नाही.

वसुलीच्या ४०,००० वरचा कर मागच्या महिन्यातच, बिल केलं तेव्हा लागला. मालाच्या आगाऊ रकमेवर तो आता लागत नाही, माल देताना बिल होईल तेव्हा लागेल. उलट उधारीच्या ५९,००० वर मात्र आत्ताच लागतो, कारण कर बिलाच्या तारखेला धरला जातो, पैसे मिळाल्याच्या नाही. म्हणजे १८ टक्क्यांची विक्री १,७७,००० अधिक ५९,०००, एकूण २,३६,००० झाली.

आता कर बाहेर काढायचा. किंमत करासकट असेल तर तिला दराने गुणून शंभर अधिक दराने भागायचं:

कर = करासकट रक्कम × दर ÷ (१०० + दर)

२,३६,००० × १८ ÷ ११८ = ३६,०००. भांड्यांवर ६३,००० × ५ ÷ १०५ = ३,०००. एकूण कर ३९,०००. गल्ल्यावर सरळ १८ टक्के काढले असते तर ५५,८०० भरले असते, म्हणजे १६,८०० रुपये खिशातून जास्त. उधारी मोठी आणि वसुली थोडी अशा महिन्यात हीच पद्धत कर कमी भरायला लावेल, आणि राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज लागतं.

हा हिशोब विक्रीच्या वहीतून आपोआप निघतो. तारीख, बिल क्रमांक, घेणाऱ्याचा नंबर असल्यास तो, मग प्रत्येक दराची कराआधीची रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी आणि बिलाची एकूण रक्कम, एवढे रकाने पुरेत. पैसे आल्याची नोंद वेगळ्या वहीत करा, इथे मिसळू नका. महिनाअखेरी ताळा सोपा आहे: कराआधीच्या रकमेला दराने गुणा, कराच्या रकान्यांची बेरीज तेवढीच आली पाहिजे. काही पैशांचाच फरक आला तर तो रकमा पूर्णांकात केल्यामुळे. शेकडो रुपयांचा आला तर एखाद्या बिलाला चुकीचा दर लागलेला असतो, तो शोधा. हेच आकडे विक्रीच्या विवरणात, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये जातात. खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, माल विकणाऱ्यांच्या विवरणांवरून बनणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसेल तेवढीच घ्या.

बिलाचं पान फाडणं मात्र कधीच नको. क्रमांक सलग लागतात, आणि जीएसटीआर-१ मध्ये कोणत्या क्रमांकापासून कोणत्यापर्यंत बिलं केली आणि त्यांतली किती रद्द झाली हे विचारलं जातं. गेलेलं पान तिथे उघडं पडतं. माल अजून गेलेला नसेल तर सगळ्या प्रतींवर आडवी रेघ मारून «रद्द» लिहा, प्रती बिलबुकातच ठेवा आणि पुढच्या क्रमांकाने नवं बिल करा.

माल गेला असेल तर क्रेडिट नोट, म्हणजे बिलात जास्त लागलेली रक्कम कमी करणारा कागद. समजा बिल क्रमांक ४७ वर १०,००० च्या भांड्यांना ५ ऐवजी १८ टक्के लागले. घ्यायचे होते ५००, घेतले १,८००. बिल ४७ चा क्रमांक आणि तारीख देऊन १,३०० ची क्रेडिट नोट करा, सीजीएसटी ६५० आणि एसजीएसटी ६५०, आणि गिऱ्हाइकाचे १,३०० परत द्या. पैसे परत न देता कर कमी दाखवता येत नाही, कारण कर म्हणून जे गोळा केलं ते सरकारकडे भरावंच लागतं, दर चुकीचा असला तरी. ज्या आर्थिक वर्षातलं बिल, ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत ही नोट विवरणात दाखवता येते. वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तोपर्यंतच. कर कमी लागला असेल तर त्याच पद्धतीने डेबिट नोट.

सर्टिफिकेटवर नोंदणी कधीपासून लागू ती तारीख छापलेली असते, ती आधी बघा. उलाढालीची मर्यादा ओलांडल्यावर ३० दिवसांच्या आत अर्ज केला असेल तर नोंदणी मर्यादा ओलांडल्याच्या दिवसापासून लागू होते, सर्टिफिकेट नंतर हाती आलं तरी. मधल्या विक्रीवर कर आहेच. त्या बिलांऐवजी सर्टिफिकेटच्या तारखेपासून एका महिन्याच्या आत सुधारित बिलं देता येतात. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकांसाठी एकच एकत्रित चालतं. नोंदणीकृत घेणाऱ्यांची आधी करा. कराची रक्कम त्यांच्याकडून मागून घेणं शक्य असतं, कारण त्यांना तिची वजावट मिळते. बाकीच्यांच्या विक्रीचा कर बहुधा तुमच्याच नफ्यातून जाईल, म्हणून तो आकडा पहिल्या विवरणाआधी काढून ठेवा.