‘डॅम्पिंग वाढवा, सिस्टिम लवकर बसेल’: नाही बसत

“कंट्रोलचा पेपर दोन मिनिटांत! १) सेटलिंग टाइम = 4/(ζωn), म्हणजे ζ जितका जास्त तितकी सिस्टिम लवकर बसते. २) ओव्हरशूट नको असेल तर ωn वाढवा. ३) राइज टाइम नेहमी 1.8/ωn. पुढे पाठवा.”

बडोद्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपांमधून हा मेसेज फिरतोय. माझ्या भाचीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, हे पाठ केलं तर चालेल ना?” नाही चालणार. मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत सर्व्हो ड्राइव्ह ट्यून करतो. या तीन ओळी डोक्यात ठेवून कोणी मशीनपुढे उभं राहिलं तर नुकसान ठरलेलं.

पहिला मुद्दा सर्वांत घातक, कारण त्यातलं सूत्र खरं आहे. फक्त ते कुठवर चालतं हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. ωn = 10 रेडियन प्रतिसेकंद धरा आणि तेवढाच ठेवून ζ बदलत जा. ζ ०.५ असताना सूत्र ०.८ सेकंद सांगतं आणि खरोखर ०.८१ सेकंदांत आउटपुट दोन टक्क्यांच्या पट्ट्यात येऊन राहतं. छान. ζ ०.७ केला की सूत्राचे ०.५७, खरे ०.६०. इथवर ‘डॅम्पिंग वाढलं की लवकर बसतं’ हे मान्य करावंच लागतं. ०.७८ ला तर ०.३६ सेकंदांतच काम होतं, कारण तिथे ओव्हरशूट बरोबर दोन टक्क्यांच्या आत येतो आणि आउटपुट एकदा पट्ट्यात शिरलं की बाहेर पडत नाही.

त्यापुढे गाडी उलटी फिरते. ζ = १ ला सूत्र म्हणतं ०.४, प्रत्यक्षात ०.५८ लागतात. ζ = २ ला सूत्र म्हणतं ०.२ आणि प्रत्यक्षात लागतात जवळजवळ दीड सेकंद. सातपट चूक! कारण सरळ आहे. ζ एकपेक्षा कमी असताना दोन्ही पोल जोडीने असतात आणि त्यांचा वास्तव भाग −ζωn. सूत्र त्या भागावरूनच आलंय. ζ एकच्या पुढे गेला की जोडी फुटते. ζ = २ ला एक पोल −३७.३ वर पळतो आणि दुसरा −२.६८ पर्यंत शून्याकडे सरकतो. वेळ ठरवतो तो हा दुसरा, रेंगाळणारा. दाराच्या क्लोजरचा स्क्रू फार आवळला की दार आपटत नाही, पण शेवटचं बोटभर अंतर बंद व्हायला ताटकळत बसावं लागतं, तेच हे.

पटत नसेल तर मॅटलॅबमध्ये टाकून पाहा:

```
s = tf('s'); wn = 10; z = 2;
stepinfo(wn^2/(s^2 + 2*z*wn*s + wn^2))
```

`SettlingTime` समोरचा आकडा वाचा आणि मेसेजवाल्याला पाठवा. हे फंक्शन मुळातच दोन टक्क्यांचा पट्टा धरतं, त्यामुळे वादाला जागा नाही.

दुसरा मुद्दा. ओव्हरशूटच्या सूत्रात, `exp(-πζ/√(1-ζ²))` मध्ये, ωn कुठे दिसतो का? ζ ०.५ म्हणजे १६ टक्के, ωn दहा असो की हजार. ωn वाढवल्याने ग्राफ फक्त वेळेच्या अक्षावर आखडतो, उंची तीच राहते. हे झालं कागदावर. मशीनवर त्याहून वाईट होतं, कारण तिथे ωn साठी वेगळी खुंटी नसते, तुम्ही गेन वाढवता. साधा पोझिशन लूप घ्या, प्लँट `K/(s(0.1s+1))`. गेन १० असताना ωn दहा आणि ζ ०.५. गेन ४० केला की ωn वीस होतो खरा, पण ζ ०.२५ वर येतो आणि ओव्हरशूट १६ वरून ४४ टक्क्यांवर जातो. आणि सेटलिंग? गुणाकार ζωn दोन्ही वेळा पाचच, म्हणजे तेच साधारण ०.८ सेकंद. हाती आला तो फक्त जास्त धक्का. स्क्रीनवर आउटपुट आधीपेक्षा उंच उसळतंय पण शांत व्हायला तेवढाच वेळ घेतंय असं दिसलं, तर समजा हेच झालंय. तिथे गेन नाही, वेगाचा फीडबॅक वाढवायला हवा, म्हणजे ζ वाढेल.

तिसरा मुद्दा ‘नेहमी’ शब्द काढला तर अर्धा खरा. १० ते ९० टक्क्यांच्या राइज टाइमला 1.8/ωn हा अंदाज ζ ०.५ ते ०.६ च्या आसपास ठीक आहे. ζ = १ ला तोच 3.36/ωn होतो, जवळजवळ दुप्पट.

आणि हे सगळं झिरो नसलेल्या, दोनच पोलच्या सिस्टिमसाठी आहे. ट्रान्सफर फंक्शनच्या अंशात `s` दिसला, तर ओव्हरशूट ζ वरून वाचू नका, सरळ ग्राफ काढा.