व्याह्यांना अडीच सेकंद

नागपुरात स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईकडं लोक दोनच कामांसाठी येतात. एक, पोराला जर्मन की स्पॅनिश हे ठरवायला, आणि ठरवून झाल्यावर जर्मनला घालतात. दुसरं, वॉट्सॅपवर आलेलं काहीतरी 'इटालियन आहे की तुमचं?' हे विचारायला. म्हणून मे महिन्याच्या भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही दिसत नसताना शेजारचा पोरगा घाम पुसत दारात उभा राहिला, तेव्हा मला वाटलं की कूलरसाठी पाणी मागायला आला असेल.

"काकू, माह्या फिल्लमले स्पॅनिश सबटायटल पाहिजे. तिकडच्या फेस्टिवलनं मागितले. चौदा मिनिटांचीच तं आहे."

'चौदा मिनिटांचीच' या शब्दातल्या 'च'नं मी फसले. तिथूनच तिकडं म्हणजे कुठं, स्पेन की मेक्सिको, हे विचारायचं राहून गेलं. नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "स्पॅनिश म्हणजे स्पॅनिश ना काकू." महालातल्या माणसाला धरमपेठेतली मराठी ऐकवून 'मराठी म्हणजे मराठी' म्हणून दाखव, असं सांगावंसं वाटलं होतं.

फिल्म साधी आहे. मुलीकडच्यांच्या घरी सकाळी व्याही येतात, तर्री-पोहे खातात, आणि खाता खाता लग्नाचा हिशेब निघतो. इंग्रजी सबटायटल त्यानं आधीच कुणाकडून करून घेतले होते. 'यावरूनच मारा ना स्पॅनिश, मराठी ऐकत कुठं बसता' असा प्रेमळ सल्लाही दिला. मी ते उघडून पाहिले. फिल्ममधली आत्या ज्यांना 'व्याहीबुवा' म्हणते, त्यांना इंग्रजीत 'सर' केलं होतं. मुलीच्या सासऱ्याला सर! जणू ते पोहे खायला नाही, पोर्शन पूर्ण करायला आले होते.

बिचाऱ्या इंग्रजीचा दोष नाही, तिच्याकडं व्याही नाहीतच. स्पॅनिशमध्ये मात्र आहेत. 'कोन्सुएग्रो' म्हणजे तंतोतंत व्याही, आणि 'कोन्सुएग्रा' म्हणजे विहीण. इतकंच काय, आपल्या जावेलाही तिथं 'कोन्कुन्यादा' असा शब्द आहे. हे नातं एका शब्दात बांधणारी भाषा भेटली की मला तिच्या घरी सोयरीक करावीशी वाटते. (आत्या, मावशी, काकू आणि मामी या चौघींना मात्र तिनं एकाच 'तीआ'त कोंबलंय. वर स्पेनमध्ये पोरी एकमेकींनाही 'तीआ' म्हणतात, आपण 'अगं यार' म्हणतो तशा. त्यामुळं आपल्या चार तीआ एका खोलीत भांडायला लागल्या की सबटायटलवाल्यानं सरळ दार लावून घ्यावं.)

तर मी बाणेदारपणे म्हणाले, मी मराठीवरूनच करीन. मग फेस्टिवलचा नियमांचा कागद वाचला. एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं. ओळी दोनच. आणि वाचनाचा वेग सेकंदाला १७ अक्षरांच्या वर जायला नको. सबटायटल पडद्यावर सात सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये. हे काही त्या फेस्टिवलचं खूळ नाही, धंद्यात साधारण असेच आकडे चालतात. प्रेक्षकाला वाचून झाल्यावर चित्रही बघायचं असतं, हे त्यामागचं कारण.

दिग्दर्शक खूश झाला. "बेचाळीस अक्षरं लय झाले काकू! व्याहीबुवा म्हणजे चारच अक्षरं. व्या, ही, बु, वा."

मी त्याला कोन्सुएग्रोची नऊ अक्षरं बोटांवर मोजून दाखवली. त्यापुढचा स्वल्पविराम दहावा. त्यानंतरची रिकामी जागा अकरावी. प्रश्न विचारायचा तर स्पॅनिशमध्ये वाक्याच्या सुरुवातीलाही एक उलटं प्रश्नचिन्ह लागतं, तेही मोजायचं. "रिकाम्या जागेचेही पैसे?" असं तो म्हणाला, आणि प्लॉटचे भाव ऐकून आल्यासारखा गप्प झाला.

तेरा मिनिटं मी दोन दिवसांत संपवली. उरलेलं एक मिनिट हा खरा लेख आहे. त्यातही एकच वाक्य. आत्या पातेलं घेऊन येते आणि एका दमात म्हणते, "व्याहीबुवा, पोहे घ्या अजून, तर्री कमी वाटली तं सांगजा, लाजू नका!" आत्याचं काम दिग्दर्शकाच्या सख्ख्या आत्यानंच केलंय, त्यामुळं श्वास घेणं वगैरे भानगड नाही. कूलरची घरघर कानात शिरू नये म्हणून मी हेडफोन लावला, कानांतून घाम गळेपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकलं आणि वेळ मोजला. अडीच सेकंद. मी मन लावून भाषांतर केलं:

```
Consuegro, sírvase más poha; si le falta
caldo picante, dígamelo, no le dé vergüenza.
```

काही सुटलं नव्हतं. व्याही, पोहे, तर्री, लाज, सगळे पंगतीला हजर. वरची ओळ ४० अक्षरं, ठीक. खालची ४४, दोन जास्त. ते दोन कुठंतरी दाबून बसवता आले असते, पण मधली जागा धरून एकूण ८५ होत होते. ८५ला १७नं भागा. वाचायला पाच सेकंद लागणार आणि आत्या अडीचमध्ये मोकळी. म्हणजे अर्धं वाक्य फेकायचं.

मग वाटलं, सबटायटल जरा रेंगाळू देऊ. बोलणं संपल्यावर थोडा वेळ मजकूर ठेवता येतो, पुढं शांतता असेल तर. इथं पुढच्याच क्षणाला कॅमेरा व्याह्यांच्या चेहऱ्यावर जातो, त्यांना ठसका लागतो आणि ते "नाही नाही, पुरे" म्हणतात. शॉट बदलला तरी आधीचं वाक्य खाली लटकत राहिलं तर डोळा ते नवं समजून पुन्हा वाचायला लागतो. मग जरा आधी सुरू करावं? तर आत्या तोंड उघडायच्या आत तर्री वाढून झालेली.

तरी हट्ट म्हणून मी ते ८५ अक्षरी ध्यान एका विद्यार्थिनीला दाखवलं. तिचं स्पॅनिश बरं आहे. संपल्यावर विचारलं, "व्याह्यांना काय झालं?" ती म्हणाली, "कोणते व्याही? मी 'दीगामेलो'पर्यंतच पोचले होते." सबटायटल लांब झालंय की नाही हे ओळखायची माझी हीच पद्धत आहे. काय लिहिलं होतं ते विचारायचं नाही, चित्रात काय झालं ते विचारायचं. ठसका हा त्या मिनिटाचा जीव, आणि तो माझ्या अक्षरांनी खाल्ला होता.

अडीच गुणिले सतरा म्हणजे साडेबेचाळीस. बेचाळीस धरा. आता कोणाला काढायचं? तर्री तिखट आहे हे सांगायची गरज नाही, पातेल्यावरचा लाल तवंग दिसतो आणि व्याह्यांचं नाक सांगतं. पोहे ताटलीत दिसतात. डोळ्यांना जे दिसतं ते अक्षरांनी सांगू नये. म्हणून 'पिकान्ते' गेलं, पोहे गेले. 'काल्दो' म्हणजे नुसता रस्सा राहिला. काल्दो म्हटलं की आजाऱ्याला द्यायचं कोंबडीचं गरम पाणीही त्यांना आठवेल, हे मला माहीत होतं. पण पुढच्या शॉटमध्ये तो गैरसमज ठसक्यासकट दूर होणार होता. उलट मजाच.

```
Consuegro, más caldo si quiere.
Sin pena.
```

४१ अक्षरं! मी उठून माठातलं पाणी प्यायले. 'सिन पेना' म्हणजे 'लाजू नका', दोन शब्दांत. आणि त्याच संध्याकाळी दिग्दर्शकाचा फोन आला. "काकू, फेस्टिवल स्पेनमधला आहे बरं. तुमी विचारून राह्यल्या होत्या ना."

'पेना' मेक्सिकोत लाज असते. स्पेनमध्ये ती दुःख असते. माझी आत्या आता व्याह्यांना सांगत होती, अजून रस्सा घ्या, शोक करू नका.

रात्रीचे अकरा, गच्चीवरच्या फरशीतून अजून वाफ येत होती. स्पेनमध्ये लाजेला 'व्हेर्ग्वेन्सा' म्हणतात, म्हणून मी सरळ तो शब्द घातला:

```
Consuegro, más caldo.
Sin vergüenza.
```

अक्षरंही वाचली, ३६च झाली. शांत झोपले. सकाळी विद्यार्थिनीनं एकदाच पाहिलं आणि ओढणी तोंडावर धरली. हे दोन शब्द घाईनं वाचले की एकच होतात, आणि 'सिनव्हेर्ग्वेन्सा' म्हणजे निर्लज्ज, नालायक माणूस. मधली ती रिकामी जागा मी मोजली होती खरी, पण ती कानाला ऐकू येत नाही. मुलीच्या सासऱ्याला, पहिल्याच भेटीत, 'व्याही, रस्सा घे अजून, नालायका.' नागपुरात लग्नं याहून कमी कारणावरून मोडलेली आहेत.

लाजेपाशी अडून बसले होते, हे तेव्हा लक्षात आलं. आत्याला लाजेबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. 'लाजू नका' म्हणजे घर तुमचंच आहे, हक्कानं मागा. हक्कानं मागायला स्पॅनिशमध्ये 'कोन कोन्फियान्सा' म्हणतात, आणि ते स्पेनपासून मेक्सिकोपर्यंत कुणालाही कळतं:

```
41
00:06:12,300 --> 00:06:14,800
Pida más caldo, consuegro.
Con confianza.
```

मोजलं. पुन्हा ४१. 'पीदे' म्हटलं असतं तर 'तू माग' झालं असतं, 'पीदा' म्हटल्यावर 'तुम्ही मागा' होतं. शेवटच्या 'ए'चा 'आ' केला की व्याह्यांचा मान राहतो आणि अक्षर एकही वाढत नाही. संपूर्ण फिल्ममध्ये फुकट मिळालेली ही एकच गोष्ट. विद्यार्थिनीला दाखवलं आणि विचारलं, व्याह्यांना काय झालं? "ठसका लागला!" मी फाइल पाठवून दिली.

तीन दिवसांनी दिग्दर्शकाच्या घरी सगळ्यांना फिल्म दाखवायचं ठरलं, माझे सबटायटल लावून. आत्या पहिल्या खुर्चीवर. तिचा सीन आला, तिचं ते एका दमातलं वाक्य झालं, आणि खाली दोन टिचभर ओळी येऊन गेल्या.

"थांब बे," ती भाच्याला म्हणाली. "मागं घे." त्यानं मागं घेतलं. "म्या एवढं बोलली आन् खाली एवढुसंच? पोहे घ्या म्हटलं व्हतं म्या. पोहे कुठं गेले?"

मी समजावलं, की आत्याबाई, पोहे ताटलीत दिसतात ना, म्हणून लिहिले नाहीत. जे दिसतं ते लिहायचं नसतं.

तिनं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मंग व्याही तं त्याहून मोठा दिसून राह्यला. त्याले काहून लिवलं?"

व्याही दिसतो, व्याहीपण दिसत नाही, असं काहीतरी मी पुटपुटले. तिला ते पटलं नाही, आणि तर्रीचं पातेलं घेऊन ती आमच्या ताटल्यांकडं वळली. पण घरी येऊन मी गुपचूप लॅपटॉप उघडला. व्याही काढला, पोहे आत घेतले:

```
Coma poha y pida más caldo.
Con confianza.
```

सलग लिहून मोजलं, मधली जागा धरून. बरोब्बर ४२.