बाप्पाचं एक छानसं चित्र बनव

गणेशोत्सव तोंडावर आला की मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतं, "यंदा डिझायनरला कशाला पैसे? एआयवर चित्र काढू." हे ज्याने लिहिलं त्याच्याच गळ्यात काम पडतं, हा मंडळांचा अलिखित नियम. यंदा तो मान तुमचा. अभिनंदन. आता फक्त आम्ही सांगतो तसं करा.

सगळ्यात आधी यंत्राला लिहा, 'गणपती बाप्पाचं एक छानसं चित्र बनव.' बस. चित्र कुठे लागणार, केवढं हवं, बाप्पा बसलेले की उभे, चित्र कुठल्या धाटणीचं, यातलं काही लिहायचं नाही. लिहिलंत तर यंत्राच्या प्रतिभेवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. शिवाय तुम्ही जे सांगत नाही ते यंत्र रिकामं ठेवत नाही. शिकताना जे सर्वांत जास्त वेळा पाहिलं, तेच तिथे भरतं. म्हणून अर्ध्या मिनिटात तुमच्यासमोर चकचकीत सोनेरी गणपती येईल, डोक्यामागे तेजोवलय, आजूबाजूला धूसर दिवे, आणि चित्र चौकोनी. चौकोन तुम्ही मागितला नव्हता, पण दुसरं काही मागितलं नव्हतं, म्हणून तो आला.

हे चित्र लगेच ग्रुपवर टाका. 'कुठे वापरायचंय' हे तिथेही सांगू नका, नाहीतर चर्चा वेळेत संपेल. आता प्रत्येक जण शैलीवर बोलेल, कारण शैलीवर बोलायला काही माहीत असावं लागत नाही. खजिनदारांना सोनेरी रंग भडक वाटेल, उपाध्यक्षांना 'थोडं पेशवाई' हवं असेल, आणि पुण्याहून बंगळुरूला गेलेला एक माजी कार्यकर्ता वारली सुचवेल. तुम्ही तिन्ही सूचना एकाच ओळीत घाला. वारलीत माणसाचं अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, लाल मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले. त्यात मुकुटावरचे हिरे आणि शेल्याची जर कुठे बसणार, हा विचार करत बसू नका. यंत्रही करत नाही. ते सोनेरी गणपतीच्या मागच्या भिंतीवर चार त्रिकोणी माणसं नाचवून देतं.

वाक्याच्या शेवटी '८के, अल्ट्रा एचडी, मास्टरपीस' जोडायला विसरू नका. यामुळे चित्रातला एकही ठिपका वाढत नाही. १०२४ बाय १०२४ चं चित्र १०२४ बाय १०२४ चंच राहतं, फक्त चकाकी वाढते. पण लिहिताना आपण काहीतरी तांत्रिक केलं, असं समाधान मिळतं, आणि मंडळाच्या कामात समाधान महत्त्वाचं.

मग चित्र दुरुस्त करा. 'उंदीर नको' असं लिहा. बरीच यंत्रं 'नको' हा शब्द फारसा मनावर घेत नाहीत, उंदीर हा शब्द मात्र घेतात, त्यामुळे एकाचे दोन उंदीर होण्याची चांगली शक्यता आहे. 'बाकी सगळं तेच ठेव, फक्त मोदक मोठा कर' असंही सांगून पाहा. मोदक मोठा होईल, पण बाप्पाचा चेहरा दुसरा येईल, आणि ग्रुपवर 'आधीचाच बरा होता' ही नवी फांदी फुटेल. चित्रातच 'गणेशोत्सव' लिहून मागा. नवीन यंत्रं देवनागरी बरीच सुधारली आहेत, तरी काना, मात्रा आणि जोडाक्षरं तपासावी लागतात. तुम्ही तपासू नका. 'गणेशात्सव' छापून आला की लोक थांबून वाचतात.

या सगळ्यात एक धोका आहे. मंडळात एखादी चित्रकला शिकणारी मुलगी असते आणि ती विचारते, "दादा, पण हे लावायचं कुठे?" असा प्रश्न आला की तिला ताबडतोब लेझीम पथकाच्या तालमीला पाठवा. कारण या एका प्रश्नाचं उत्तर दिलंत तर बाकीचे तीन आपोआप सुटायला लागतात, आणि मग ग्रुपवर बोलायला काय उरतं?

तिला पाठवलंत की निर्धास्त फ्लेक्सवाल्याकडे जा. चित्र व्हॉट्सॲपवरूनच पाठवा, डॉक्युमेंट म्हणून नव्हे, साधा फोटो म्हणून, म्हणजे वाटेत ते आणखी दाबलं जाईल. फ्लेक्सवाला विचारेल, "साईज?" तुम्ही पहिल्यांदाच म्हणाल, "प्रवेशद्वाराला, दहा बाय सहा." तो स्क्रीनकडे बघेल, मग तुमच्याकडे.

दहा फूट म्हणजे १२० इंच. त्यावर १०२४ ठिपके पसरले की इंचाला साडेआठ येतात, म्हणजे एकेक ठिपका तीन मिलिमीटरचा, साबुदाण्याएवढा. रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला हे चालून जातं, म्हणून तर चौकातली मोठी होर्डिंगं कमी ठिपक्यांवर निभतात. पण तुमचा फ्लेक्स प्रवेशद्वाराला आहे. तिथे रांगेतला भाविक तीन फुटांवरून बाप्पाच्या डोळ्यात बघत अर्धा तास उभा राहणार.

ठिपक्यांचं एक वेळ भागवता येईल, चित्र मोठं करून देणारी साधनं आहेत. खरी मजा आकारात आहे. दहा बाय सहा म्हणजे ५:३. चौकोनी चित्राची पूर्ण रुंदी वापरायची तर १०२४ पैकी फक्त ६१४ ओळींची उंची उरते, ४१० ओळी कापाव्या लागतात. तुमच्या चौकोनात बाप्पा वरपासून खालपर्यंत ऐसपैस बसलेले आहेत. तेव्हा आता तुम्ही ठरवायचं की मुकुट ठेवायचा की मोदक. दोन्ही हवे असतील तर फ्लेक्सवाल्याकडे आणखी एक उपाय आहे. तो कोपरा पकडून चित्र आडवं ताणतो. दीडपटीहून जास्त रुंद झालेले बाप्पा पाहून तो म्हणेल, "लंबोदरच आहेत, चालतंय." त्याच्याशी वाद घालू नये.

आता उरली वर्गणीची पावती. तेच चित्र तिथेही द्या. पावती पुस्तक एका रंगात छापतात आणि कोपऱ्यातल्या बाप्पाला जेमतेम दीड इंच मिळतो. सोनेरी तेज, धूसर दिवे आणि मऊ सावल्या, एवढं सगळं दीड इंचात एका रंगात उतरलं की जो डाग पडतो, त्याला भाविक श्रद्धेनेच गणपती म्हणतात. तिथे चार जाड रेघांचं चित्र लागतं, आणि हो, तिथे वारलीवाला कार्यकर्ता चुकून बरोबर होता. पण त्याने ते फ्लेक्ससाठी सुचवलं होतं, की पावतीसाठी, की नुसतंच, हे त्यालाही माहीत नाही. त्याला विचारलंही नव्हतं.

एवढं झाल्यावर रात्री अकराला ती मुलगी लेझीमहून परत येते आणि कोणाला न विचारता नवीन मागणी लिहिते. कशी लिहू नये, हे कळावं म्हणून इथे देतो:

'मंडळाच्या प्रवेशद्वारावरच्या १० बाय ६ फुटांच्या आडव्या फ्लेक्ससाठी चित्र. प्रमाण १६:९. गणपती उजवीकडच्या एक तृतीयांश भागात, बसलेला, मुकुटापासून पायांपर्यंत पूर्ण दिसणारा, वर-खाली मोकळी जागा. डावीकडचा भाग सपाट, गडद लाल, रिकामा. चार हात: वरच्या दोन हातांत पाश आणि अंकुश, खालचा एक हात आशीर्वादाचा, दुसऱ्यात मोदक. सोंडेचं टोक चित्र पाहणाऱ्याच्या उजवीकडे वळलेलं. शैली जुन्या शिळाछाप देवचित्रांसारखी, स्पष्ट कडा, मोजके रंग.'

बघा, किती रूक्ष आहे. 'छानसं' हा शब्दच नाही. पहिल्याच वाक्यात फ्लेक्स आला, त्यामुळे चित्र आडवं झालं. आडवं झालं म्हणून बाप्पा कडेला गेले आणि अक्षरांना जागा झाली. दुरून-जवळून दोन्हीकडून वाचायचं म्हणून कडा स्पष्ट मागितल्या, आणि शैली सर्वांत शेवटी, उरलेल्या जागेत, अर्धी आधीच ठरल्यासारखी आली. उपाध्यक्षांसाठी काही शिल्लकच ठेवलं नाही तिने. १६:९ मागितलं, कारण यंत्राच्या ठरावीक मापांत ५:३ नव्हतं. १६:९ थोडं जास्त लांब असतं, ते बाजूंनी कापता येतं आणि कापल्या जाणाऱ्या डाव्या बाजूला नुसता लाल रंग आहे. ३:२ घेतलं असतं तर वरून-खालून कापावं लागलं असतं, म्हणजे पुन्हा मुकुट.

सोंडेची दिशाही तिने अशीच काटेकोरपणे लिहिली. 'डाव्या सोंडेचा गणपती' म्हणताना डावी बाजू मूर्तीची धरतात, ती बघणाऱ्याच्या उजवीकडे येते. यंत्राला नुसतं 'डावीकडे' सांगितलं तर ते बहुधा चित्राची डावी बाजू धरतं आणि उजव्या सोंडेचा गणपती देतं, प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासारखा. उजव्या सोंडेचं सोवळं कडक, अशी समजूत असल्याने बरीच मंडळी तो टाळतात. मुलीने आपल्या आजीला विचारूनच लिहिलं होतं.

फ्लेक्सवाल्याने हे चित्र काही न ताणता बसवलं. सगळं जमून आलं होतं. हे सहन न होऊन अध्यक्षांनी फोन केला. त्यांचा फोटो दर वर्षी उजव्या कोपऱ्यात असतो, तो यंदाही तिथेच हवा. फ्लेक्सवर अध्यक्ष असणार हे मुलीला कोणी सांगितलंच नव्हतं. फ्लेक्ससाठी चित्र म्हणताना आपण बाप्पाचा विचार करतो, अध्यक्ष गृहीत असतात. फ्लेक्सवाल्याने एका क्लिकमध्ये अख्खं चित्र आरशातल्यासारखं उलटवलं. बाप्पा डावीकडे गेले, उजवीकडे अध्यक्षांना ऐसपैस जागा झाली, आणि सोंड फिरली.

सकाळी फ्लेक्स लागल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मुलीच्या आजीने ते पाहिलं. आशीर्वादाचा हात डावा झालाय हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. अशा वेळी घाबरायचं नाही, नवा फ्लेक्स छापायचा नाही आणि यंत्राला दोष देत बसायचं नाही. शुभेच्छुकांपैकी एकाचा मोठा फोटो चिकटपट्टीसकट मागवायचा आणि बरोब्बर सोंडेवर लावायचा. हातावर दुसरा. वर्गणी दोघांकडून घ्यायची, पावती त्याच डागाची द्यायची.