पैठणी किलोने मिळत नाही

भाच्याचं लग्न नाशिकला थाटात पार पडलं आणि आम्ही पुण्याला परतलो ते चार बॅगा मळके कपडे घेऊन. सासूबाईंची मागून नेलेली पैठणी, बायकोची जॉर्जेटची साडी, माझा सूट, आणि मग रोजच्या शर्ट-जीन्सचा ढीग. बायको म्हणाली, "अहो, लाँड्रीत टाकून या." तिला वाटलं हे पाच मिनिटांचं काम आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

कोपऱ्यावरच्या लाँड्रीत दोन दरपत्रकं शेजारी शेजारी लावली आहेत. डावीकडे ड्रायक्लीनिंग, नगावर: साधी साडी 250, जरीची 450, टू-पीस सूट 420, ब्लाउज वेगळा, रोल पॉलिश वेगळं. उजवीकडे किलोवर: धुऊन-घडी 80, धुऊन-इस्त्री 120, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'किमान 5 किलो, पुढे अर्ध्या किलोच्या पटीत'. मी दोन्ही पत्रकांचा मोबाइलवर फोटो काढला आणि कपडे न देताच घरी आलो. विमानप्रवासासाठी घेतलेला सामान तोलायचा काटा कपाटातून शोधून काढला आणि घरातल्या कपड्यांना एकेक करून फासावर लटकवायला सुरुवात केली.

पैठणी भरली 780 ग्रॅम. किलोच्या दराने 94 रुपये. नगाच्या दराने 450! सूट भरला 1 किलो 350. किलोने 162, नगाने 420. एवढ्याशा हिशेबात सहाशे रुपयांच्या वर सुटत होते. मी हर्षाने ही बातमी बायकोला सांगितली. तिने पैठणी माझ्या हातातून काढून घेतली, मलमलीत गुंडाळली आणि विचारलं, "मागच्या ब्लेझरचं काय झालं होतं?"

तो ब्लेझर मी घरच्या मशीनमध्ये, 'नाजूक कपडे' या बटणावर भरवसा ठेवून धुतला होता. कोटाच्या छातीला आतून एक अस्तर गोंदासारख्या पदार्थाने चिकटवलेलं असतं, त्याला शिंपी फ्युजिंग म्हणतात. पाण्याने ते जागोजागी सुटलं आणि बाहेरच्या कापडावर पुरणपोळीसारखे फुगे आले. इस्त्री फिरवली की फुगा शेजारी सरकायचा, जायचा मात्र नाही. त्या ब्लेझरने मी आता पंख्याची पाती पुसतो.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाल्याला हे सांगितलं, तर तो जरासुद्धा हसला नाही. अशा छात्या त्याने पुष्कळ पाहिलेल्या असणार. "साहेब, पैठणीचा फॉल सुती असतो आणि साडी रेशमी. पाण्यात फॉल आटतो, साडी आटत नाही. मग खालच्या काठाला चुण्या पडतात. वर काठाचा रंग अंगात उतरला तर तुम्ही मला विचारणार." म्हणजे त्या 450 रुपयांत धुलाई थोडी आणि धास्ती जास्त. किलोच्या दरात तो पाणी, साबण आणि वीज विकतो. नगाच्या दरात जोखीम विकतो, आणि जोखमीचं वजन काट्यावर उतरत नाही.

ड्रायक्लीनिंग कोरडं असतं हाही माझा गैरसमज त्याने त्याच दमात काढला. कपडे चांगले भिजतात, फक्त पाण्यात नाही, सॉल्व्हंटमध्ये. म्हणून घरी आणल्यावर प्लॅस्टिक काढून तासभर वारा द्यायचा, नाहीतर कपाटालाच तो पेट्रोलसारखा वास लागतो. आणि सॉल्व्हंट तेल-तूप काढतं, पण घाम, चहा, सरबत यांचे डाग पाण्याचे असतात. ते आधी दाखवले नाहीत तर तसेच राहतात. पैठणीच्या पदरावर जिलेबीचा पाक सांडला होता. तो मी सांगणार नव्हतो. त्याने पदर उजेडात धरला आणि डागाभोवती खडूने गोल काढला.

माझ्या हळदीच्या कुर्त्याकडे बघून तर त्याने मान हलवली. डाग लालभडक झाला होता. मी घाईने साबण चोळला होता, आणि साबणाशी गाठ पडली की हळद कुंकवासारखी लाल होते हे मला कोण सांगणार? "नुसत्या पाण्यात खळबळून उन्हात टाकायचा होता. ऊन हळद खातं," तो म्हणाला. लाली निघेल, पिवळेपणाची हमी नाही, असं पावतीवर लिहून त्याने कुर्ता किलोच्या ढिगात टाकला.

जॉर्जेटच्या साडीने मात्र माझी लाज राखली. ती पॉलिएस्टरची. पाण्याला घाबरत नाही, रंग सोडत नाही. लेबलावर पाण्याच्या बादलीचं चित्र होतं, त्यावर फुली नव्हती. नगाने 250, किलोने, 370 ग्रॅमचे, 44. ही एक साडी आम्ही गेली सहा वर्षं ड्रायक्लीनला देत होतो. गुणाकार करायचा मोह मी टाळला.

राहिला रोजचा ढीग. इथे किलोचा दर दिसतो तितका भोळा नाही. सात शर्ट म्हणजे दीड किलो, तीन जीन्स म्हणजे दोन किलोंच्या वर. घडी आणि इस्त्री यांत किलोमागे 40 रुपयांचा फरक. म्हणजे 220 ग्रॅमच्या शर्टाची इस्त्री पडते जेमतेम 9 रुपयांना आणि जीन्सची 28 ला. आमचा इस्त्रीवाला दोन्हींचे दहाच घेतो. तेव्हा शर्ट किलोने, जीन्स घरी धुऊन इस्त्रीवाल्याकडे, असा माझा चोख बेत होता. पण तिन्ही जीन्स काढल्या की ढीग तीन किलोंच्या आत येत होता आणि पैसे पाच किलोंचेच! म्हणून दोन जीन्स परत घातल्या: 4 किलो 380. सहाशे ग्रॅम फुकट का सोडा? तिसरीही घातली: 5 किलो 80.

लाँड्रीच्या काट्यावर आकडा आला 5.18. म्हणजे साडेपाच, म्हणजे 660 रुपये. मी नम्रपणे पिशवीचं वजन वजा करायला लावलं. शंभर ग्रॅम गेले. 5.08. तरीही साडेपाच. मागे दोन माणसं रांगेत उभी होती आणि त्यातला एक घसा खाकरू लागला. मी एक टी-शर्ट उपसायच्या बेतात होतो, तेवढ्यात लाँड्रीवाल्याने सवयीने जीन्सचे खिसे चाचपले आणि एका खिशातून पितळी गणपतीच्या कीचेनसकट चार किल्ल्यांचा जुडगा काट्याशेजारी ठेवला.

4.99.

"पाच किलो, सहाशे रुपये," तो म्हणाला. साठ रुपये वाचवून, जुडगा खिशात टाकून मी विजयी मुद्रेने घरी आलो. दार बायकोने उघडलं. जुडग्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या खिळ्याकडे, जिथे कालच किल्लीवाल्याला घरी बोलावून, साडेतीनशे रुपये मोजून करून घेतलेला नवा जुडगा लटकत होता.