नऊचे चार झाले, म्हणून पोराला पळवलं

«जीपीएस खोटं बोलत नाही. सामन्यात कोण किती राबलं हे बघायला दोन आकडे पुरे: हाय-स्पीड अंतर आणि स्प्रिंटची संख्या. पट्टी सगळ्यांना एकच, म्हणून तुलना निखळ. मागच्या सामन्यापेक्षा आकडे घसरले म्हणजे खेळाडूने अंग चोरलं. दुसऱ्या दिवशी तेवढं पळवून भरून काढा. हॅमस्ट्रिंगही सांभाळली जाते.»

हा मजकूर गेले दोन महिने फिरतोय. मी दुर्लक्ष केलं असतं, पण भाच्याच्या कोचनी तो मनावर घेतला. भाचा फुटबॉल खेळतो, सेंटर-बॅक म्हणजे बचावफळीच्या मधोमध. आदल्या सामन्यात त्याचे नऊ स्प्रिंट, या सामन्यात चार. नव्वद मिनिटं खेळलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी सकाळी साठ-साठ मीटरच्या सहा धावा काढायला लावल्या. संध्याकाळी ताईचा फोन: "अरे, हा खरंच मैदानात टंगळमंगळ करतो का?" मग मी दोन्ही सामन्यांच्या फायली मागवून घेतल्या.

सगळ्यात आधी ती संख्याच घेतो, कारण खरी गंमत तिथे आहे. स्प्रिंट ही वस्तू मैदानावर पडलेली नसते. ती सॉफ्टवेअर ठरवतं. खेळाडूच्या पाठीवर जॅकेटमध्ये बसवलेलं जीपीएस युनिट साधारणपणे सेकंदाला दहा वेळा वेग नोंदवतं. ताशी 19.8 किलोमीटरच्या वर हाय-स्पीड आणि 25.2 च्या वर स्प्रिंट, या मर्यादा बऱ्याच ठिकाणी वापरतात. पण मर्यादेच्या वर किती वेळ राहिलं की एक स्प्रिंट धरायचा? कुठे अर्धा सेकंद, कुठे एक. आणि मध्ये वेग क्षणभर खाली आला तर धाव तुटली म्हणायची की नाही?

भाच्याची एकच धाव बघा. विरोधी स्ट्रायकरच्या मागे तो पळाला. वेग 0.6 सेकंद 25.2 च्या वर होता, मग 0.2 सेकंद 25.1 वर आला, मग पुन्हा 0.7 सेकंद वर. अर्ध्या सेकंदाचा नियम लावला तर हे दोन स्प्रिंट. एका सेकंदाचा लावला तर शून्य. छोटी घसरण माफ केली तर दीड सेकंदाचा एक. पाय तेच, धाव तीच, आणि उत्तरं तीन. अंतर मात्र नऊ मीटर धरा की साडेदहा, फार हलत नाही. म्हणजे त्या दोन लाडक्या आकड्यांपैकी संख्या हा जास्त ठिसूळ आहे, आणि नेमकी तीच भिंतीवर लावली जाते.

आता पट्टीबद्दल. भाच्याचा आजवरचा सर्वाधिक वेग 29.5. संघातल्या विंगरचा, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणाऱ्याचा, 34. भाच्याला 25.2 गाठायला स्वतःच्या कमाल वेगाच्या 85 टक्क्यांवर जावं लागतं, विंगरला 74 वर. एकाचा जीव निघतो, दुसरा अजून गिअर बदलायचा असतो, आणि तक्त्यात दोघांपुढे सारखाच एक आकडा. या दोघांची त्यावरून तुलना करणाऱ्याला मी काय म्हणू! पट्टी एकच ठेवायला हरकत नाही, पण मग प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या जुन्या सामन्यांशीच ताडून बघा.

राबण्याचं म्हणाल तर सेंटर-बॅकचं बरंचसं काम या मर्यादेच्या खालीच संपतं. जागेवरून सुटून पाच मीटर झेप, पाय घालणं, कचकन थांबणं, वळणं. पूर्ण ताकद लावली तरी एवढ्या अंतरात वेग 25.2 ला पोचत नाही. म्हणजे स्प्रिंटच्या खात्यात भोपळा. मांड्यांना विचारा, त्यांना तो भोपळा वाटत नाही. कचकन थांबतानाचा मार तर या दोन्ही आकड्यांत कुठेच येत नाही.

आणि आता ते, आकडे घसरले म्हणजे अंग चोरलं. हे वाक्य नुसतं चूक नाही, घातक आहे. ग्रेगसन आणि सहकाऱ्यांचा 2010 चा अभ्यास आहे, इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचा. मोजणी कॅमेऱ्यांनी केलेली, त्यामुळे जीपीएसची खोट यात नाही. एकाच खेळाडूचं हाय-स्पीड अंतर सामन्यागणिक सरासरी 16 टक्क्यांनी खालीवर होत होतं आणि स्प्रिंटचं अंतर जवळपास 31 टक्क्यांनी. मैदानाच्या मधल्या भागात खेळणाऱ्यांत हे हेलकावे बाजूच्या खेळाडूंपेक्षा जास्त. हिशेब करून बघा. एखाद्याचं नेहमीचं स्प्रिंट अंतर 120 मीटर असेल तर पुढच्या सामन्यात 85 किंवा 155 येणं ही बातमीच नाही. दोन सामने एकमेकांसमोर ठेवले की दोघांचेही हेलकावे मिसळतात, तेव्हा फरक आणखी मोठा दिसतो. प्रतिस्पर्ध्याने पाठीमागे लांब पास टाकलेच नाहीत, तर सेंटर-बॅकने कोणामागे पळायचं? हवेमागे?

यावरून शिक्षा काढायची म्हणजे सामन्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी, स्नायू अजून दुखत असताना, कमाल वेगाच्या धावा. पूर्ण सामन्यानंतर ताकद आणि वेग जागेवर यायला दोन-तीन दिवस लागतात. भरून काढण्याची पद्धत खेळात आहेच, पण ती बाकावर बसलेल्यांसाठी, दहा-पंधरा मिनिटं मिळालेल्यांसाठी. मजकूर लिहिणाऱ्याने औषध बरोबर उचललं आणि भलत्याच रोग्याला पाजलं.

हॅमस्ट्रिंगचं अर्धं बरोबर आहे, कबूल करतो, मनाविरुद्ध. आठवडाभर कमाल वेगाजवळ अजिबात न जाणारा खेळाडू सामन्यात अचानक तसा पळाला तर धोका वाढतो, आणि एकदम वाढवलेलं अंतरही महागात पडतं. त्यासाठी हाय-स्पीड अंतर जरूर नोंदवा. पण ते आठवड्यांच्या ओघात वाचायचं असतं, एका सामन्याच्या निकालासारखं नव्हे.

खोटं न बोलण्याबद्दल एवढंच: उंच छताच्या स्टेडियममध्ये उपग्रह कमी दिसतात, जॅकेट सैल असलं तर युनिट पाठीवर डुलतं, युनिटांची अदलाबदल झाली तरी आकडे सरकतात. एका नोंदीत 22 आणि लगेच पुढच्या नोंदीत 38 दिसलं, तर तो माणूस नव्हे, ती चूक. म्हणून ज्याचं युनिट त्यालाच द्या आणि ते सामन्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी उघड्या आकाशाखाली चालू करा.

तर फायली. दोन सामन्यांच्या मध्ये सॉफ्टवेअर अद्ययावत झालं होतं आणि किमान वेळ अर्ध्या सेकंदावरून एक सेकंद झाला होता. जुन्या सामन्याला नवा नियम लावला तर नऊचे पाच होतात. पाच आणि चार. मी दोन्ही तक्ते कोचना पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "सेटिंग कोणी बदललं ते बघतो." त्या सहा धावांबद्दल अजून काही आलेलं नाही.